आई म्हणताना ओठ मिटत नाहीत

'आई' म्हणताना ओठ एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, आरशात बघा हवं तर, आ आणि ई, तोंड उघडंच. हे मला कळलं डबिंगचं स्क्रिप्ट लिहायला लागल्यावर, कारण इंग्रजी सिनेमातलं पोर 'मॉम' म्हणतं तेव्हा ओठ दोनदा मिटतात. हिंदीवाल्यांचं 'माँ'मुळे निदान पहिलं मिटणं तरी भागतं, आपण गेलो कामातून.

मध्ये असाच एक सीन आला. हॉस्पिटलचा बेड, नऊ-दहा वर्षांचा मुलगा, पडदाभर त्याचा चेहरा आणि वाक्य काय तर 'आय्ल नेव्हर लीव्ह यू, मॉम'. बोटांवर मोजलं तर सहा ठोके. माझं पहिलं भाषांतर, 'आई, मी तुला सोडून कधीच जाणार नाही', तेरा! पोराचं तोंड केव्हाच बंद आणि आवाज आपला चाललाय, नाहीतर मग घाईघाईत म्हणायचं, म्हणजे रडायच्या सीनला पोरगं पाढे म्हणतंय असं वाटणार. पाठमोरा असता तर प्रश्नच नव्हता, पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काय वाट्टेल ते घालता येतं, माझी लांबलेली वाक्यं मी तिथंच खपवते.

मग आवाज बंद करून तेवढाच तुकडा पंधरा-वीस वेळा बघितला. सुरुवातीचं 'आय' दिसायला थेट आपल्या 'आई'सारखं! म्हणजे शेवटची हाक उचलून पुढं आणायची. मधे दोनदा 'व्ह'साठी खालचा ओठ दातांना लागतो. आणि मला सुचलं, 'आई, जाववेल का मला?' आई एका दमात म्हटलं की सहा ठोके, मधे दोन व, शेवटी मॉमच्या जरासा आधी का होईना, 'मला'चा म. मी खुर्चीत उडालेच.

स्टुडिओत मॅडमनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, 'ओठ बसलेत गं, पण हे याची आजी बोलतेय.' बरोबरच होतं, दहा वर्षांचं कुठलं पोर 'जाववेल' म्हणतं?

शेवटी ठेवलं, 'आई, कुठं जातोय मी?' ठोके तेवढेच, 'यू'ला ओठांचा चंबू होतो तिथं 'तोय'चा ओ आला, मॉमच्या पहिल्या म वर 'मी' आलं. दोन्ही व गेले, पण दाताला लागलेला ओठ चटकन कुणाच्या नजरेत भरत नाही. मिटलेले ओठ मात्र भरतात, आणि मॉमचा शेवटचा म अजून उघडाच पडला होता. तो आवाज देणाऱ्या मुलानंच सोडवला, 'मी' म्हणून झाल्यावर ओठ मिटून त्यानं एक बारीकसा हुंदका दिला, नुसता 'म्म'. मी स्क्रिप्टमध्ये पेन्सिलनं तो लिहून घेतला.