‘इ’ काढणाऱ्या बाई

आठवीत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या मुलाला कधी नुसतं ‘इ काढ’ असं सांगितलं नाही. त्याला तो ‘इ’ ऐकूच येत नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला त्यांनी गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावली. ‘स्’ म्हणताना गळा थरथरत नाही, फक्त हवा बाहेर पडते. स्वर आला की मात्र थरथर सुरू होते. तो ‘स्कूल’ म्हणायला गेला की ‘स्’च्या आधीच बोटांना थरथर जाणवायची. चूक कानाला नाही, तरी बोटांना कळली.

मग लांबलचक ‘स्‌स्‌स्‌’, गळा शांत ठेवून, आणि त्यातूनच ‘कूल’. जमू लागलं तसा ‘स्’ आखूड करत न्यायचा. इथे घाई केली की ‘स्’ गिळला जातो आणि नुसतं ‘कूल’ उरतं, म्हणून बाई फार सावकाश पुढे सरकत.

त्यांची खरी हुशारी पुढच्या पायरीत होती, असं मला आज वाटतं. सुटा शब्द अवघड जातो, पण आधी स्वर असला तर ‘स्’ला त्याचा आधार मिळतो. म्हणून ‘गो टू स्कूल’ एका दमात म्हणायचं. ‘माय स्कूल’ त्या मुद्दाम टाळत, कारण ‘माय’च्या शेवटी असलेल्या ‘इ’सारख्या आवाजात जादा ‘इ’ बेमालूम लपतो. ‘टू’नंतर तो लपत नाही. त्यानंतर ‘बस स्टॉप’: पहिल्या शब्दाचा ‘स्’ न तोडता तसाच पुढे न्यायचा. ‘बिग स्कूल’ सर्वांत शेवटी, कारण ‘ग्’नंतर ‘इ’ हमखास परत येतो. मित्र तिथे बरेच दिवस अडला होता.

‘स्ट्रीट’ला त्या मागून सुरुवात करत. रीट, ट्रीट, स्ट्रीट. ‘ट्रीट’चं ‘टिरीट’ होत असेल तर ‘स्’ जोडायचाच नाही, आधी तेवढंच नीट करायचं. एका शब्दात दोन जादा स्वर असले तर दोन्ही एकदम निघत नाहीत.

‘इ’ निघाला की मुलं तो जिथे हवा तिथूनही काढू लागतात. माझा मित्र ‘एस्केप’ला ‘स्केप’ म्हणू लागला होता! त्यासाठी बाईंनी जोडीचा खेळ घेतला. एकाने वहीआड तोंड लपवून ‘स्टेट’ किंवा ‘इस्टेट’ म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकलेला शब्द लिहायचा. सगळ्यांच्या वह्यांत तोच शब्द आला, की बाई त्या मुलाला बसायला सांगत आणि पुढच्याला उभं करत.