उन्हासमोरची पिवळी ओढणी

गेल्या आठवड्यात एका स्टुडिओने सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी काढलेला एक फोटो संगणकावर बदल करण्यासाठी माझ्याकडे पाठवला. मावळतीचे ऊन मुलीच्या पाठीमागून येत होते. तिने डोक्यावरून घेतलेली जाड साटीनची ओढणी काढून त्या जागी झिरझिरीत सुती पिवळी ओढणी दाखवायची होती. तशी ओढणी त्यांनी स्टुडिओत, समोरून फ्लॅश मारून, वेगळी टिपून दिली होती.

मी ती बसवली, आरपार दिसावे म्हणून त्या थराची Opacity साठ टक्क्यांपर्यंत उतरवली आणि काम झाले असे समजलो, कारण आमच्या धंद्यात झिरझिरीत कापडावर हेच एक औषध सगळे जण वापरतात. वडिलांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवला आहे. त्यांनी पडद्याकडे पाहून एवढेच म्हटले, "हे कापड नव्हे, प्लॅस्टिकचा कागद आहे."

मग मी तसलीच ओढणी गच्चीवर उन्हासमोर धरली आणि कॅमेऱ्याचे एक्स्पोजर न बदलता तिचे एक, दोन आणि तीन पदर टिपले. एका पदरातून सुमारे साठ टक्के प्रकाश आला, तर दुसऱ्यातून त्या साठाचे साठ टक्के, म्हणजे छत्तीस, आणि तिसऱ्यातून जेमतेम बावीस. समोरून उजेड असताना घडीचा उंचवटा उजळ दिसतो. मागून ऊन आले की जिथे कापड दुहेरी होते तीच जागा गडद आणि अधिक पिवळी होते, दुमडून शिवलेली किनार तर सगळ्यांत गडद रेघ ठरते. माझ्या ओढणीच्या घड्या नेमक्या उलट होत्या.

त्यामुळे फ्लॅशची छटा पुसून मी ओढणीचा एकच सपाट पदर खालचे चित्र गडद करणाऱ्या Multiply मध्ये ठेवला आणि प्रत्येक घडीच्या आकाराचा तोच रंग त्यावर पुन्हा चढवला. सूत स्वतः उजळून जी आभा देते, ती खालचे चित्र उजळणाऱ्या Screen मध्ये वेगळ्या थरावर दिली; मात्र जिथे दंड आणि केस ऊन अडवतात तिथे ती पुसली. दंड कापडाला टेकतो तिथे त्याच्या सावलीची कड स्पष्ट ठेवली, कापड अंगापासून सुटते तिथे ती विरघळू दिली. या एका कडेवर मी दीड तास घालवला आणि त्याचा मला अभिमान आहे. शेवटी ओढणीतून गाळून आलेला पिवळसर उजेड गालाच्या आणि मानेच्या कडेवर टाकला.

वडिलांनी मान डोलावली. स्टुडिओचा निरोप मात्र आला, "ओढणी छान, पण चेहरा पिवळा पडलाय, गोरा करा." मी गालावरचा आणि मानेवरचा उजेड काढून फाइल पाठवली आणि त्यांनी तीच मोठ्या आकारात छापली. ती ओढणी पुन्हा वरून चिकटवल्यासारखी दिसते. निदान मानेवरचा उजेड तरी मी त्यांना न विचारता ठेवायला हवा होता का, हे अजून ठरवता आलेले नाही.