कार्डावर ‘दुसरं लुगडं’

‘सर, भाषण पूर्ण लिहिलंय, बरंचसं पाठही आहे. पण कागद न धरता छोटं कार्ड घेऊन उभं राहायचं तर त्यावर नेमके कोणते शब्द लिहायचे?’

मी स्वतः बरीच वर्षं चुकीचेच लिहीत होतो. एकदा ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, एका शाळेत सहा मिनिटं बोलायचं होतं. चार पानी मजकुरावरून मी कार्ड केलं: शैक्षणिक कार्य, सामाजिक कार्य, वैयक्तिक जीवन, प्लेग. दिसायला अगदी नीटनेटकं. पहिला मुद्दा कसाबसा झाला आणि ‘सामाजिक कार्य’ या शब्दांकडे बघत मी नुसताच उभा राहिलो. त्या दोन शब्दांत काहीही मावत होतं, म्हणून तोंडात काहीच येईना. पुढे ‘प्लेग’ वाचला आणि गाडी थेट रँडसाहेबापर्यंत गेली. सावित्रीबाई राहिल्या बाजूला.

ते शब्द अनुक्रमणिकेतले होते. आत काय आहे हे ते सांगत होते, पण बोलणाऱ्याला पहिलं वाक्य हवं असतं.

आता मी आधी मजकुरावर पेन्सिल घेऊन बसतो आणि जिथे विषय वळतो तिथे रेघ मारतो. परिच्छेद आणि मुद्दे सारखे नसतात; त्या भाषणात परिच्छेद आठ होते, मुद्दे निघाले चार. मग कागद उलटा ठेवतो आणि एकेक मुद्दा घरात कुणाला तरी तोंडी सांगतो. त्या वेळी आमच्या घरात मटार सोलले जात होते, त्यामुळे श्रोता आयताच मिळाला.

शाळेचा मुद्दा मी लिहिला होता तो असा: ‘१८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर तत्कालीन सनातनी समाजाने तीव्र विरोध केला.’ सांगताना मात्र तोंडून आलं, ‘पिशवीत एक दुसरं लुगडं असायचं.’ मग ते का लागायचं, वाटेत अंगावर शेण-चिखल कसा फेकला जायचा, शाळेत पोचल्यावर लुगडं बदलून शिकवणं कसं सुरू व्हायचं, हे सगळं त्यामागून आपोआप आलं. कार्डावर गेलं ते ‘दुसरं लुगडं’. मी ‘शेण-चिखल’ लिहिलं असतं तर गोष्टीच्या मधूनच सुरुवात झाली असती आणि पिशवी मागे राहिली असती. खुणेचा शब्द मुद्द्याच्या तोंडाशी असावा लागतो. मुद्द्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द खुणेचा असेलच असं नाही.

बाकीचे त्याच रीतीने सापडले. बालहत्या प्रतिबंधक गृहासाठी ‘यशवंत’, कारण तिथे जन्मलेला आणि फुले दांपत्याने दत्तक घेतलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला, त्यामुळे पुढच्या प्लेगच्या मुद्द्याकडे वाटही तयार झाली. जोतीरावांच्या अंत्ययात्रेसाठी ‘हातात टिटवं’. आणि प्लेगऐवजी ‘पाठीवर मूल’: मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाई डोळ्यांपुढे आल्या की रँडसाहेबाला शिरायला जागा उरत नाही.

सनावळ्या मात्र आठवणीवर सोडत नाही. १८४८, १८६३, १८९०, १८९७ हे आकडे त्या त्या ओळीच्या उजव्या कडेला, वेगळ्या शाईने. कुणाचं वाक्य किंवा कवितेची ओळ घ्यायची असेल तर ती अक्षरशः पूर्ण लिहितो, तिथे खुणेचा शब्द दगा देतो. आभाराच्या भाषणाला तर ही रीत लावूच नका. नावांची यादी ही यादीच असते.

कार्ड करून रात्रभर बाजूला ठेवतो आणि सकाळी मजकूर न बघता, फक्त कार्डावरून मोठ्याने बोलतो. एखाद्या ओळीवर तीन-चार सेकंद गप्प झालो, तर तो शब्द खोडून दुसरा शोधतो. त्याच्या पुढे आणखी चार शब्द जोडण्याचा मोह होतोच. पण जोडले की डोळे वाचायला लागतात, आणि दोन-तीन फेऱ्यांत कार्डावर पुन्हा अख्खं भाषण उतरलेलं असतं. दोन खुणा सारख्या दिसत असतील तर त्यातली एक बदलतो. ‘शाळा’ आणि ‘शाळेत’ असे शब्द वरखाली लिहून मी एकदा एक मुद्दा दोनदा सांगितला आहे.

कार्ड पोस्टकार्डाएवढं आणि जाड घेतो, कारण पातळ कागद हात थरथरला की माइकमध्ये वाजतो. एकच बाजू वापरतो. डावा अंगठा चालू मुद्द्याच्या ओळीखाली राहतो आणि मुद्दा संपला की खाली सरकतो. वर पहिलं वाक्य आणि तळाशी शेवटचं, माझी स्वतःची ही दोनच वाक्यं पूर्ण लिहिलेली असतात. पहिलं, कारण तेव्हा घसा कोरडा असतो. शेवटचं, कारण ते समोर नसलं की मी ‘तर... एवढं बोलून...’ करत आणखी दोन मिनिटं खातो.