तुम्ही विचारलंत म्हणून: छापून हातात धरायची यादी

"ताई, तुमच्या लेखाखालची ती घराच्या ताब्याची यादी लोक खरंच छापून घेऊन जातात. मी माझ्या लेखांना याद्या जोडते, नमुने जोडते, पण कोणी वापरत नाही. तुम्ही वेगळं काय करता?"

सुरुवातीला माझीही यादी कोणी वापरत नव्हतं. भाड्याचं घर घेताना काय काय तपासावं यावर मी लेख लिहिला आणि खाली त्याचाच सारांश चौकोन काढून लावला. सेहेचाळीस कलमं झाली, वीज, पाणी, कागदपत्रं, सोसायटी अशा मथळ्यांखाली. दिसायला देखणी. मग माझ्याच भाच्यासाठी घर बघायला गेलो तेव्हा तो कागद हातात घेतला. एजंट दारात किल्ली फिरवत उभा, आम्हाला वेळ वीस मिनिटं. 'वीज' या मथळ्याखालची कलमं भरायला हॉल, किचन, बाथरूम, पुन्हा हॉल अशा फेऱ्या माराव्या लागल्या. 'पाणी' घेतलं की पुन्हा तेच. नवव्या कलमाला भाच्याने कागद घडी करून खिशात घातला.

तेव्हा कळलं, की लेख विषयानुसार लिहायचा असतो, पण यादी माणूस जसा चालतो तशी लिहायची असते. आता माझी यादी दारापासून सुरू होते: कुलूप, कडी, बेल, मग हॉल, किचन, बाथरूम, शेवटी बाल्कनी. आणि तिचे तीन तुकडे आहेत: टोकन देण्याआधी, करारावर सही करण्याआधी, किल्ली हातात घेताना. ही युक्ती माझी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी यादी काढली, तिच्यात फक्त एकोणीस कलमं आहेत आणि ती तीन थांब्यांवर वाटलेली आहेत: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, रुग्णाला बाहेर नेण्याआधी. थांबा अशा जागी असतो, जिथून पुढे गेलं की मागे येणं महाग पडतं. आपल्याकडे टोकनचे पैसे गेले, की तसंच होतं.

दुसरी गोष्ट कलमाच्या भाषेची. 'नळ तपासा' असं लिहिलं, की लोक नळाकडे बघतात आणि टिक करतात. आता लिहिते: 'किचनचा नळ पूर्ण सोडून एक मिनिट ठेवा, मग सिंकखालच्या पाइपला हात लावा. हाताला ओल लागली का?' कलम लांबलं, पण त्यातलं काम करता येतं. जिथे जमेल तिथे टिकच काढून टाकली आणि रिकामी जागा दिली. 'मीटर रीडिंग पाहिलं' याला टिक खोटी करता येते. 'रीडिंग ______ युनिट, तारीख ______' इथे मीटरसमोर जाऊन उभं राहावंच लागतं. कराराच्या भागातही तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. हे सगळं लेखात आहे. यादीत एवढंच: 'नोंदणी कोणत्या तारखेला? ______'. ही जागा भरायची म्हणजे मालकाला तोंडाने विचारावं लागतं.

अतिशहाणपणाही केला. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी, म्हणून बारा सुबक चौकटी आखल्या. मुंबईहून एका बाईंचा निरोप आला, "माझ्या बिलावरचा नंबर एवढा मोठा नाहीये, काही चुकलंय का?" तिथे वीज कंपनी वेगळी, क्रमांकही वेगळा. आता साधी लांब रेघ असते.

कागदाचं म्हणाल, तर आपला वाचक घरी छापत नाही. तो फाइल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि तिथे काळ्या शाईत प्रिंट निघते. माझे फिके निळे मथळे राखाडी डाग होऊन आले. त्यामुळे आता पांढऱ्यावर काळं, ए-४ ची एक बाजू, डावीकडे पंचिंगसाठी अडीच सेंटीमीटर मोकळे. लिहायच्या रेघांमध्ये आठ मिलिमीटर अंतर. आधी पाच ठेवलं होतं, त्यात भिंतीला कागद टेकवून पेनने काही लिहिता येईना. नवी यादी तयार झाली, की दहा रुपये घेऊन खाली जाते, प्रिंट काढते आणि उभ्याने भरून बघते. स्क्रीनवर न दिसलेल्या चुका तिथे दिसतात.

यादी मी पीडीएफमध्येच देते, कारण फॉन्ट फाइलच्या आतच बसतो. वर्डची फाइल दिली होती तेव्हा माझा फॉन्ट समोरच्याकडे नव्हता. संगणकाने दुसरा घातला, अक्षरं रुंदावली आणि दोघांच्या सह्यांची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर गेली. मराठीत ही डोकेदुखी जास्त. त्यातून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर समोर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. (गंमत म्हणजे चौकोनाचं चिन्ह फॉन्टमध्ये नसलं, तर त्या जागी बहुतेकदा चौकोनच उमटतो. ही एकच चूक कोणाच्या लक्षात येत नाही.)

वाचकाला मजकूर बदलावा लागणार असेल तरच बदलता येणारा नमुना द्यायचा. माझ्याकडे असा एकच आहे: घरातल्या सामानाची आणि आधीपासूनच्या मोडतोडीची नोंद, मालक-भाडेकरू दोघांच्या सह्यांसकट. तो गूगल डॉक्समध्ये आहे. सुरुवातीला शेअर न करताच लिंक टाकली, तर प्रवेश मागणाऱ्या मेलींचा पाऊस पडला. वैतागून सगळ्यांना एडिटर केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मूळ नमुन्यात कोणा अनोळखी माणसाचं नाव, पत्ता आणि डिपॉझिटची रक्कम भरलेली! त्याला वाटलं, ही त्याचीच प्रत. मी ते पुसलं, पण तोवर किती जणांनी वाचलं असेल देव जाणे. तेव्हापासून लिंक असलेल्या सगळ्यांना फक्त व्ह्यूअर ठेवते आणि लिंकची शेपटी बदलते:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/edit
https://docs.google.com/document/d/FILE_ID/copy
```

FILE_ID च्या जागी तुमच्या फाइलचा क्रमांक तसाच राहू द्या, आणि `/copy` च्या पुढे काही असेल तर खोडा. उघडणाऱ्याला थेट 'प्रत बनवायची का' असं विचारलं जातं आणि त्याने भरलेली माहिती त्याच्याकडेच राहते. त्यासाठी गूगलचं खातं लागतं, म्हणून शेजारी हाताने भरायची पीडीएफही ठेवते. लिंक छापण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे लॉगिनचं पान आलं तर ठीक, पण दुसऱ्या खात्याने आत गेल्यावर प्रवेश मागायला लावला, तर शेअर करायचं राहिलंय.

आणि फाइल एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, की तिचा तुमच्या लेखाशी संबंध संपतो. मागच्या महिन्यात आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर एकाने ताब्याची यादी टाकली, "खूप उपयोगी आहे" म्हणून. उघडून बघते तर माझीच, ती पहिली, सेहेचाळीस कलमांची. वर ना तारीख, ना पत्ता. आता प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा महिना आणि लेखाची लिंक बारीक अक्षरात असते. त्या जुनीचं मात्र काही करता येत नाही, ती अजून फिरतेच आहे.