गाभा घातला की ५०० पट? सोलेनॉइडचं गणित प्रयोगशाळेत नेलं तेव्हा

बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक गणित घालते. लांब सोलेनॉइड, लांबी ५० सेंमी, वेढे १०००, काटछेदाचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंमी, आत ५०० सापेक्ष पर्मिएबिलिटीचा लोखंडी गाभा. करंट २ अँपिअरवरून ०.१ सेकंदात एकसारखा शून्यावर येतो. सेल्फ इंडक्टन्स काढा आणि तयार होणारा ईएमएफ काढा.

फळ्यावर ते असं सुटतं:

```
L = μ0 μr N² A / l
  = 4π×10⁻⁷ × 500 × (1000)² × 5×10⁻⁴ / 0.5
  = 0.628 H

e = −L (dI/dt),  dI/dt = (0 − 2)/0.1 = −20 A/s
e = 0.628 × 20 = 12.57 V
```

इथे मुलांचा पाय घसरतो तो चौरस सेंटिमीटरवर. ५ चौरस सेंमी म्हणजे ५×१०⁻⁴ चौरस मीटर, पण सवयीने १०⁻² लिहिलं जातं आणि उत्तर १२५७ व्होल्ट येतं. दुसरी घसरण म्हणजे प्रति मीटर वेढे `n` घेऊन पुन्हा लांबीने भागणं. `n` वापरायचा असेल तर सूत्र `μ n² A l` होतं, लांबी वर जाते. एवढं सांगून मी पुढच्या गणिताकडे वळत असे.

यंदा मात्र एका मुलीने हात वर केला. "मॅडम, गाभा काढला तर?" मी म्हटलं, ५०० ने भाग. ईएमएफ २५ मिलिव्होल्ट. ती म्हणाली, "म्हणजे नुसती कांब आत सरकवली की खरंच ५०० पट वाढतं?" मी हो म्हटलं. पण ते मी कधी मोजून पाहिलेलं नव्हतं, आणि तिने मनापासून विचारलं होतं. म्हणून त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत बसले.

भरीव लोखंडी कांब मी मुद्दामच टाळली. बदलत्या करंटमध्ये तिच्यात भोवरा प्रवाह फिरतात आणि मोजमाप गढूळ करतात. जुन्या रेडिओच्या अँटेनातली फेराइटची कांब मिळाली, २० सेंमी लांब आणि १० मिमी जाड. विकणाऱ्याने पर्मिएबिलिटी ४०० सांगितली होती. तिच्यावर कागदाचा एक पदर गुंडाळला, आत-बाहेर सहज सरकेल इतका सैल, आणि त्यावर एनॅमल्ड तांब्याच्या तारेचे ४०० वेढे एकाला एक लावून घातले. वेढ्यांचा सरासरी व्यास १०.६ मिमी भरला.

आधी कांब बाहेर काढून मोजलं. सूत्राने ८९ मायक्रोहेन्री येत होते, एलसीआर मीटरने ८७ दाखवले. गुंडाळी जाडीच्या मानाने लांब असल्यामुळे सूत्र चोख बसलं. मग कांब आत सरकवली. कांबेचंच क्षेत्रफळ धरून मला ३२ मिलिहेन्रीची अपेक्षा होती. मीटरवर आले ७.१. म्हणजे ४०० पट कुठे, साधारण ८० पटच!

आधी मीटरवर शंका घेतली, मग वेढे मोजले. दोन्ही बरोबर होते. चूक माझ्या गृहीतकात होती. कांबेच्या दोन टोकांना चुंबकाचे ध्रुव तयार होतात, आणि त्या ध्रुवांचं क्षेत्र कांबेच्या आत मूळ क्षेत्राच्या उलट दिशेने असतं. दुसऱ्या शब्दांत, आतल्या फ्लक्सला परत यायला हवेतूनच वाट काढावी लागते, आणि तीच वाट अडवते. कांब जाडीच्या २० पट लांब असताना हा विरोध इतका असतो की पदार्थाची पर्मिएबिलिटी ४०० असली तरी परिणामी गुणक शंभराच्या आतबाहेरच राहतो. पदार्थाची ४०० ऐवजी ८०० केली तरी तो फारसा वाढत नाही, कारण अडचण पदार्थात नाही, आकारात आहे. पडताळायला तशीच दुसरी कांब टोकाला टेकवून धरली. मीटरचा आकडा सातवरून दहाकडे सरकला. वेढे तेच, गाभा तोच, फक्त टोक लांब गेलं. त्या क्षणी मला बरं वाटलं, कारण आता मुलांना दाखवता येईल असं काहीतरी हाताशी आलं होतं.

आता राहिला ईएमएफ. करंट एकसारखा उतरवायचा तर फंक्शन जनरेटरची त्रिकोणी लहर हवी. गुंडाळीला १०० ओहमचा रोधक एकसर जोडला, म्हणजे त्यावरचा व्होल्टेज वाचून करंट कळतो. ५०० हर्ट्झला उतरता भाग १ मिलिसेकंदाचा, आणि तेवढ्यात करंट ६६ मिलिअँपिअरने पडत होता, म्हणजे दर सेकंदाला ६६ अँपिअर. ७.१ मिलिहेन्रीने गुणल्यावर ०.४७ व्होल्ट. ऑसिलोस्कोपवर गुंडाळीच्या दोन टोकांत चौकोनी लहर उभी राहिली: करंट चढताना एका बाजूला सपाट, उतरताना दुसऱ्या बाजूला सपाट.

त्या सपाट भागाकडे मी बराच वेळ बघत बसले. करंट अधिककडून उणेकडे जाताना मध्ये शून्यातून जातो, आणि तिथे गुंडाळीवरचा व्होल्टेज जागचा हलत नाही. करंट शून्य असला की ईएमएफही शून्य, असं मुलांना वाटतं, आणि शब्दांनी ते खोडून निघत नाही. इथे पडद्यावर दिसतं की ईएमएफ करंटच्या आकड्याकडे बघत नाही, त्याच्या उताराकडे बघतो. वारंवारता दुप्पट केली, म्हणजे तोच करंट निम्म्या वेळात उतरला, आणि उंची बरोबर दुप्पट झाली.

नीट पाहिलं तर माथा अगदी सपाट नव्हता, किंचित तिरका होता. तारेला सुमारे १.४ ओहम रोध आहे, त्यावरचा व्होल्टेज करंटबरोबर बदलतो आणि ईएमएफमध्ये मिसळतो. म्हणून वाचन सपाट भागाच्या मध्यावर घ्यायचं, जिथे करंट शून्य असतो. तिथे उरतो तो निव्वळ ईएमएफ. माझा ०.४६ आला.

हे झाल्यावर फळ्यावरच्या गणिताकडे परत गेले, आणि या वेळी `B` काढून पाहिला. प्रति मीटर २००० वेढे, २ अँपिअर, ५०० पर्मिएबिलिटी: `B = μ0 μr n I` म्हणजे २.५ टेस्ला. लोखंड साधारण २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. गाभा बंद कड्याचा असता तर तो इतका फ्लक्स पेलूच शकला नसता. सुरुवातीला `L` लहान असता आणि करंट खाली आल्यावर वाढला असता, म्हणजे करंट एकसारखा उतरूनही ईएमएफ एकसारखा राहिला नसता. आणि गाभा उघड्या कांबेचा धरला, तर ५० सेंमी लांबीला ५ चौरस सेंमी क्षेत्रफळ म्हणजे जाडी अडीच सेंमी, तीच २० पट लांबी. तिथे ५०० चा गुणक शंभराच्या आसपास आला असता आणि १२.५७ व्होल्टचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळाला असता. दोन्ही वाटांनी ते उत्तर हाती लागत नाही.

म्हणून गणित बदललं. गाभा आता पातळ पत्र्यांच्या थरांचा, बंद कड्याचा, मधला परीघ ५० सेंमी. बाकी आकडे तेच, फक्त करंट १ अँपिअरवरून ०.१ सेकंदात शून्यावर. `L` तोच ०.६२८ हेन्री, `B` १.२६ टेस्ला, ईएमएफ ६.२८ व्होल्ट. आणि शेवटी एक जादा ओळ घातली आहे: "`B` काढून गाभा तो पेलेल का ते सांगा." त्या मुलीने सगळ्यात आधी तीच ओळ सोडवली.