सुलेमानियेत मी टाळी वाजवली

सवय वाईट. लहानपणी विजापूरला सहल गेली होती, तेव्हापासून घुमट दिसला की माझे हात शिवशिवतात. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत परवा तेच झालं. पहारेकरी काकांनी ओठांवर बोट ठेवलं, मी शरमले. पण खरा धक्का टाळीचाच होता. गोलघुमटात ती पुन्हा पुन्हा परत येते. इथे ती नुसती लांबत लांबत विरून गेली.

घरी येऊन हिशेब मांडला. सुलेमानियेच्या घुमटाचा माथा ५३ मीटरवर. आवाज वर जाऊन परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे प्रत्येक शब्दामागून त्याचा प्रतिध्वनी ऐकू यायला हवा. पण घुमटाचा व्यास २६ मीटरच्या आसपास, म्हणून त्याच्या वक्रतेचा मध्य माणसांच्या डोक्यांच्या खूप वर राहतो. परतणारा आवाज तिथे वरच एकवटतो आणि खाली येईपर्यंत पसरून फिका पडतो. गोलघुमटाची गॅलरी मात्र घुमटाच्या बुडाशीच आहे, म्हणून तिथे कुजबुज भिंतीला घासत पलीकडे पोचते. आता कुणी म्हणेल, आपलं बांधकाम कच्चं. मुळीच नाही! तो मकबरा आहे, तिथे कुणाला प्रवचन ऐकायचंय?

१५५७ साली पुऱ्या झालेल्या या मशिदीत वास्तुकार मिमार सिनाननं घुमटाच्या विटांत मातीचे घडेही बसवलेत, तोंडं आतल्या बाजूला. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की एकच सूर निघतो ना? घडाही तसाच एका खर्जातल्या सुराला धरतो आणि त्याचा जोर कमी करतो. तोंडावर गिलावा बसला की घडा मुका. अर्थात घड्यांनी सगळं साधत नाही. एवढ्या पोकळीत खर्ज रेंगाळतोच, भरभर बोललं की शब्द एकमेकांवर चढतात. संथ, ओढून केलेलं पठण मात्र त्यातच भरदार वाटतं.

इमाम नमाज पढताना लोकांकडे पाठ करून उभा असतो. त्याच्या तोंडासमोर मिहराबचा खोल कोनाडा, तो आवाज मागे फेकतो. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून मशिदीतल्या उंच ओट्यावरून अजान देणारे मुअज्जिन त्याची तकबीर, म्हणजे 'अल्लाहू अकबर'ची पुकार, पुन्हा पुकारतात. माणसांचीच साखळी!

मिनारांचं गणित आणखी साधं. बोलणाऱ्याचा आवाज पुढे जास्त जातो, मागे कमी. म्हणून मुअज्जिन सज्जावर गोल फिरत अजान द्यायचा, छपरांच्या वरून. इथे चार मिनारांना मिळून दहा सज्जे आहेत (ही मशीद बांधवणारा सुलेमान उस्मानी घराण्याचा दहावा सुलतान, त्याचीही खूण म्हणतात).

आता तिथे भोंगे आहेत. संध्याकाळी माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात, आणि मी आईला फोनवर सांगते, "थांब गं, दोन मिनिटांनी बोलते."