काचेवरचे थेंब

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. पाऊस नुकताच उघडला होता. समोर तळं, पलीकडच्या काठावर एकटं झाड आणि त्याच्या मागे खाली उतरलेला ढग. दार उघडून चिखलात पाय टाकायचा कंटाळा, म्हणून आत बसूनच पुढच्या काचेतून मोबाइलने फोटो काढला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहतो तर तळ्यावर राखाडी फुगे तरंगतायत, झाडाच्या अर्ध्या फांद्या विरघळल्यायत आणि उजवीकडे वायपरने ओढलेला तेलकट पट्टा कमानीसारखा पसरलाय. फोटो काढताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. पलीकडे पाहायचं ठरवलं की डोळे काच हिशेबातच धरत नाहीत.

मग ती संध्याकाळ हीलिंग ब्रश घेऊन बसलो. थेंबावर ब्रश फिरवायचा, आजूबाजूचा पोत उचलून तो तिथे भरतो. तळ्यावर जमलं; पाण्याला काय, कुठलंही ठिगळ चालतं. झाडावर मात्र घोळ झाला. दादाने फोटो पाहिला आणि विचारलं, "या झाडाला जुळ्या फांद्या असतात का रे?" खरंच, डावीकडची फांदी काट्याकुट्यांसकट उजवीकडे पुन्हा उगवली होती. आणखी मोठं करून पाहिलं तर भरलेल्या जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसत होत्या. फोटोत सगळीकडे बारीक रवा असतो, तो ठिगळावर नव्हता. नंतर वरून रवा पेरता येतो, पण फांदी कशी होती हे ब्रशला ठाऊक नाही आणि मलाही आठवत नव्हतं.

थेंबामुळे इतकं नुकसान का होतं, याचं उत्तर त्याच्या फुगीर अंगात आहे. काचेवरचा थेंब म्हणजे इवलंसं भिंग. समोरचं सगळं दृश्य तो गोळा करतो आणि उलटं करतो: आकाश खाली, जमीन वर. लांबवर फोकस केलेल्या कॅमेऱ्याला हे उलटं चित्र स्पष्ट दिसत नाही, त्याचा नुसता धूसर गोळा होतो. तो गोळा दृश्याच्या सरासरी उजेडाचा असतो. म्हणून काळ्या झाडावर पडलेला थेंब पांढुरका दिसतो आणि उजळ ढगावरचा मळका. "उजळ ठिपके शोध आणि काळे कर" असा सरळ हुकूम त्यामुळे चालत नाही.

मोबाइलचं आणखी एक दुखणं आहे. लांबच्या झाडाच्या एकेका बिंदूपासून येणारा उजेड काचेपाशी पोचतो तेव्हा त्याचा झोत लेन्सच्या उघड्या तोंडाएवढा रुंद असतो. मोठ्या कॅमेऱ्याची 50 मिलिमीटरची लेन्स f/2 वर ठेवली तर हे तोंड 25 मिलिमीटरचं. त्यापुढे चार मिलिमीटरचा थेंब आला तर झोताचा तीन टक्क्यांहून कमी भाग अडतो, बाकीचा बाजूने निघून जातो आणि थेंब फोटोत जवळपास दिसतच नाही. मोबाइलच्या लेन्सचं तोंड तीन-साडेतीन मिलिमीटरचं. तोच थेंब तिथे सगळा झोत गिळतो. मोठा कॅमेरा असूनही f/16 वर नेला की तोंड तीनेक मिलिमीटरचं उरतं आणि हीच गत होते. सगळं स्पष्ट यावं म्हणून तोंड बारीक करायची सवय काचेमागे बसून मोडावी लागते. मोबाइलवाल्याच्या हातात तेही नाही.

पण हात हलवणं त्याच्या हातात आहे! हे सुचायला मला पुढचा पाऊस यावा लागला. गाडी पुन्हा तिथेच थांबवली आणि या वेळी एकाऐवजी सहा फोटो काढले. मोबाइल काचेपासून दहा सेंटिमीटरवर धरला आणि प्रत्येक फोटोनंतर तीन सेंटिमीटर उजवीकडे सरकवला, न वळवता. दहा सेंटिमीटरवर मोबाइलच्या चौकटीत काचेचा साधारण चौदा सेंटिमीटर रुंद भाग मावतो. म्हणजे माझ्या प्रत्येक सरकण्याबरोबर थेंब चौकटीच्या पाचव्या हिश्शाएवढे पळतात. 4000 पिक्सेल रुंद फोटोत आठशेहून जास्त पिक्सेल. चाळीस मीटरवरचं झाड मात्र दोन-तीन पिक्सेलच हलतं.

आता घरचं काम. सहांपैकी एक फोटो बाद झाला (त्याचं नंतर सांगतो), उरलेले पाच एकावर एक रचले. फोटोशॉपमध्ये यासाठी File > Scripts > Load Files into Stack आहे. तिथे आपोआप जुळवणी करण्याची आणि सगळ्या थरांचा एक स्मार्ट ऑब्जेक्ट करण्याची अशा दोन्ही खुणा केल्या, मग Layer > Smart Objects > Stack Mode > Median. मीडियन म्हणजे मधला. एकाच जागेचे पाच रंग उजेडाच्या क्रमाने उभे करायचे आणि तिसऱ्याला निवडायचं. पाचांतल्या दोन फोटोंत त्या जागी थेंब असला तरी उरलेले तीन झाडाच्या बाजूने बोलतात आणि थेंब हरतो, मग तो उजळ असो की मळका. तीन फोटोंत थेंब एकाच जागी आला तर मात्र तोच जिंकतो. वरच्या कोपऱ्यात माझं एकदा तसं झालं, आणि तिथे निवळलेला पण हट्टी डाग राहिला.

या युक्तीचे रुसवेही आहेत. जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामला झाडापेक्षा ठळक थेंबच खुणेचे वाटले, तर तो थेंबावर थेंब बसवतो आणि झाड पाच वेळा उमटतं. अशा वेळी थरांची अपारदर्शकता अर्ध्यावर आणून झाडाचा बुंधा पाहत हाताने सरकवावं. जवळच्या वस्तूही दगा देतात. दीड मीटरवरचं बॉनेट प्रत्येक फोटोत साठेक पिक्सेल सरकलं होतं, मीडियनने त्याचा चिखल केला. बॉनेट मी एकाच फोटोतून घेतलं आणि बाकीचा भाग झाकणारा मास्क लावून वर बसवलं.

थेंब गेले, तेलकट कमान जागीच. साहजिक आहे. ती इतकी रुंद होती की पाचही फोटोंत झाडाची उजवी बाजू तिच्याखालीच होती. मात्र या डागाचा स्वभाव थेंबाहून निराळा. थेंब दृश्य पळवतो, तेलाचा पट्टा त्यावर दुधाळ उजेड पसरतो. खालचं सगळं शाबूत असतं, फक्त फिकट. 0 म्हणजे काळाकुट्ट आणि 255 म्हणजे पांढराशुभ्र या मापाने मोजून पाहिलं तर पट्ट्याबाहेर बुंध्याचा काळा 25 होता आणि पट्ट्याखाली 85. ढगाचा पांढरा बाहेर 220, आत 210. म्हणजे 195 पायऱ्यांचं दृश्य 125 पायऱ्यांत दाबलं गेलं होतं. उजेडाच्या पायऱ्या वरखाली करणाऱ्या कर्व्ह्जमध्ये 85 ला खाली 25 वर ओढलं, 210 ला 220 वर नेलं आणि हा बदल मऊ कडांच्या मास्कने पट्ट्यापुरता ठेवला. फांद्या परत आल्या, बारीक रवाही दीडपट झाला. ढगाच्या उजळ बाजूला पट्टा जास्त दुधाळ होता, म्हणून मास्कचे तीन तुकडे करावे लागले.

दादाने नवा फोटो पाहिला, फांद्या मोजल्यासारखं केलं आणि काही न बोलता परत दिला.

आणि तो बाद झालेला सहावा. त्या वेळी मोबाइलचा फोकस तळ्यावरून निसटून काचेवर बसला होता. तळं, ढग सगळं धुकट, थेंब तेवढे लख्ख. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक थेंबात तळं वर, आकाश खाली आणि मध्ये तेच झाड, नखाएवढं, उलटं टांगलेलं. ढिगात त्याचा काही उपयोग नव्हता. तो वेगळा ठेवलाय, एकही थेंब न पुसता.